सहा लाख एकदम, की हप्त्याने?

चिपळूणच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आला आहे. शौहर कुवेतहून नोकरी संपवून परतले, हाती सहा लाख आले. मुलीच्या उच्चशिक्षणाला अजून दहा वर्षे आहेत. शरिया निकषांवर शेअर निवडणाऱ्या म्युच्युअल फंडात पैसे घालायचे हे घरात ठरले, पण एजंट म्हणतो, "एकदम टाकू नका, हप्त्याने टाका, धोका राहत नाही." हे खरे का?

कागदावर मांडून पाहू. समजा, दर सहामाहीत बाजार एक तर २० टक्के वर जातो किंवा १० टक्के खाली येतो आणि दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी आहे. खरा बाजार इतका सरळ नसतो, पण हिशेब समजायला एवढे पुरे. म्हणजे सहामाहीची सरासरी वाढ ५ टक्के. एका वर्षात चार वाटा निघतात: वर-वर, वर-खाली, खाली-वर आणि खाली-खाली.

पहिल्याच दिवशी सहा लाख घातले, तर वर्षाअखेर या चार वाटांवर अनुक्रमे ८.६४, ६.४८, ६.४८ आणि ४.८६ लाख होतात. सरासरी ६,६१,५०० रुपये.

आता तीन लाख आज आणि तीन लाख सहा महिन्यांनी घालू. थांबलेली रक्कम तोवर खात्यात पडून राहील. त्यावरचे व्याज पुष्कळ घरे स्वतःसाठी वापरत नाहीत, म्हणून ते शून्य धरू. त्याच चार वाटांवर आता ७.९२, ५.९४, ६.८४ आणि ५.१३ लाख मिळतात. सरासरी ६,४५,७५० रुपये, म्हणजे एकदम घालण्यापेक्षा १५,७५० रुपये कमी. कारण उघड आहे. तीन लाख सहा महिने कामाला लागलेच नाहीत, आणि तीन लाखांचे ५ टक्के म्हणजे पंधरा हजार. उरलेले साडेसातशे त्या पंधरा हजारांवरची पुढच्या सहामाहीची वाढ.

मग एजंट काय खोटे बोलतो? अगदी तसे नाही. सर्वांत वाईट वाटेवर एकदम घालणाऱ्याचे १ लाख १४ हजार जातात, हप्तेवाल्याचे ८७ हजार. तोटा कमी होतो, नाहीसा होत नाही. शिवाय दुसरी वाट, वर-खाली, नीट पाहा. वर्षाअखेर बाजार सुरुवातीपेक्षा ८ टक्के वर आहे, तरीही हप्तेवाला सहा हजारांनी तोट्यात! त्याचे दुसरे तीन लाख महाग भावाने गेले आणि लगेच घसरले. "हप्त्याने सरासरी भाव स्वस्त पडतो" हे वाक्य बाजार आधी पडला तरच खरे ठरते, आणि तो आधी पडेल की चढेल हे आज कोणालाच ठाऊक नसते.

यापुढचा हिशेब एजंट सहसा दाखवत नाहीत. हप्तेवाल्याचे पैसे वर्षभरात सरासरी किती गुंतलेले होते? पहिल्या सहामाहीत तीन लाख, दुसरीत सहा, म्हणजे साडेचार. मग साडेचार लाख आजच घालून दीड लाख बाजूला ठेवले तर? चार वाटांवर ७.९८, ६.३६, ६.३६ आणि ५.१४५ लाख. सरासरी ६,४६,१२५. सर्वांत वाईट वाटेवरही हप्त्यापेक्षा दीड हजार जास्त उरतात आणि सर्वांत चांगल्या वाटेवर सहा हजार जास्त मिळतात. फक्त खाली-वर या एका वाटेवर हप्ता पुढे राहतो. थोडक्यात, धोका कमीच करायचा असेल, तर रक्कम कमी घालणे हा तारखा वाटून घालण्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक चांगला उपाय आहे.

हप्त्यांचे संरक्षण तेवढ्या वर्षापुरतेच, हेही लक्षात ठेवा. शेवटचा हप्ता गेला की दोघांचेही सगळे पैसे बाजारात. तिसऱ्या वर्षी बाजार कोसळला, तर दोघांनाही सारख्याच टक्क्यांनी फटका बसेल.

या हिशेबात दोन सहामाह्यांचा एकमेकींशी संबंध नाही असे आपण गृहीत धरले आहे, आणि माणसाच्या मनाचा हिशेब तर धरलेलाच नाही. सहा लाखांचे ४.८६ लाख झालेले पाहून घाबरून सगळे काढून घेणारे घर असेल, तर त्याने हप्ताच धरावा. पंधरा हजार ही त्या झोपेची किंमत. पण मग हप्ते सहा-आठ महिन्यांत संपवा. तीन-चार वर्षे रेंगाळवले तर किंमत वाढत जाते. मधल्या काळात पैसे लिक्विड फंडात ठेवून तिथून वळवण्याची सोय एजंट सुचवतील. त्या फंडाची कमाई व्याजाची असते, हे त्यांना विचारून घ्या.

पगारातून दरमहा पाच हजार घालणाऱ्यांचा मात्र हा प्रश्नच नाही. त्यांच्या हाती एकदम रक्कम येतच नाही. पगार झाला की लगेच घालणे हेच त्यांचे 'एकदम'.

या भगिनीने पत्रात शेवटी सहज लिहिले आहे की घराचे छप्पर पुढच्या वर्षी बदलायचे आहे. तो खर्च आधी या सहा लाखांतून वेगळा काढा. वर्षभरात लागणारी रक्कम एकदमही घालू नये आणि हप्त्यानेही नाही. उरलेल्या रकमेवर हा हिशेब पुन्हा मांडून पाहा.