विंडसॉक कोणीकडे बोट दाखवतो?

तापीच्या मुखाशी वसलेले हजीरा आमच्या सुरतेकडील वाचकांना नव्याने सांगावयास नको. तेथील कारखान्यांत खानदेशातून आलेली मराठी माणसे आहेत, तशी ओडिशा, बिहार व उत्तर प्रदेशातीलही आहेत. समुद्रातील वसई क्षेत्राचा नैसर्गिक वायू नळाने येथे येतो आणि त्यातील हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू येथेच वेगळा काढला जातो. अशा ठिकाणी कामावर येणाऱ्या नव्या माणसाला, तो कोणत्याही भाषेचा असो, 'वायू सुटला तर कोणीकडे जावे' हे कसे शिकवावे? शब्दांवाचून समजेल असा मिनिटभराचा कार्टूनपट हा त्याचा एक सोपा मार्ग. परंतु चित्राची भाषा सर्वांना सारखीच कळते, हा समज मात्र पारखून घ्यावा लागतो. ती पारख कशी करावी, हे सांगण्यासाठी आम्ही या लेखात असा एक चित्रपट कल्पनेने घडवून पाहणार आहोत.

ही रीत नवी नव्हे. मुंबईचे ज्येष्ठ ॲनिमेशनकार राम मोहन यांनी युनिसेफसाठी 'मीना' या मुलीचे रूप घडवले, तेव्हा ते एकदम पडद्यावर आणले गेले नाही. भारत, बांगलादेश, पाकिस्तान व नेपाळ येथील लोकांना आधी रेखाटने दाखवली गेली. मुलीचे नाव, पोशाख, चेहरा यांविषयी त्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि मगच 1990 च्या दशकात मालिका आकाराला आली.

आता हे काम कच्च्या अवस्थेतच का करावयाचे, हे पाहू. चित्रपटात सेकंदाला 25 चौकटी धरल्या तर एका मिनिटाला 1500 चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवले तरी 750 चित्रे लागतात. त्याऐवजी पेन्सिलीची तीस-चाळीस स्थिर चित्रे, प्रत्येक पडद्यावर किती वेळ राहील ते ठरवून, तात्पुरत्या आवाजासह एकामागून एक जोडली, की कच्ची प्रत तयार होते. या धंद्यात तिला 'ॲनिमॅटिक' म्हणतात. तिच्यातले एखादे चित्र बदलणे हे अर्ध्या तासाचे काम असते. पक्क्या चित्रपटात तोच बदल आठवडा खातो, आणि म्हणून बहुधा केलाच जात नाही.

आमच्या कल्पित चित्रपटाची कथा अशी. एक कामगार नळाजवळ काम करीत आहे. त्याच्या खिशाला लावलेले वायुसूचक यंत्र वाजते. तो मान वर करून विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी, पाहतो आणि वाऱ्याच्या उलट अंगाला असलेल्या जमण्याच्या जागी जातो. काढणाऱ्याला यात काहीही अवघड वाटत नाही.

प्रेक्षक सहाच असावेत, पण नवे असावेत. मुकादम किंवा साहेब खोलीत नसावा, कारण त्याच्या देखत 'कळले नाही' असे कोणी म्हणत नाही. चित्रे अजून कच्ची आहेत, एवढेच सुरुवातीस सांगावे, म्हणजे चर्चा रेघांच्या सफाईकडे वळत नाही. कथेविषयी अवाक्षर काढू नये. ज्याने चित्रे काढली त्याने मागे बसून गप्प राहावे, आणि पडद्याकडे न पाहता प्रेक्षकांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. कोण कोठे शेजाऱ्याकडे वळला, कोठे कपाळाला आठी पडली, ते चित्राच्या क्रमांकासमोर लिहून ठेवावे.

नंतर 'आवडले का?' असे विचारले तर सहाही जण 'छान आहे' म्हणतील, आणि त्या उत्तराचा उपयोग शून्य. म्हणून एकेकाला वेगळे बोलावून दोनच गोष्टी विचाराव्यात. 'काय झाले ते सांगा' ही पहिली. दुसऱ्या वेळी विंडसॉकचे चित्र थांबवून विचारावे, 'तुम्ही येथे असता तर कोणीकडे गेला असता?'

समजा, सहांपैकी चौघांनी पिशवीच्या निमुळत्या शेपटीच्या दिशेला बोट दाखवले. हे उत्तर जीवघेणे आहे. पिशवीचे रुंद तोंड वारा येतो त्या बाजूला असते आणि शेपूट वारा जातो त्या बाजूला. वायूही तिकडेच जातो. पण एका टोकाला निमुळती होत गेलेली आकृती म्हणजे आपल्या डोळ्यांना बाण, आणि बाण म्हणजे 'इकडे जा'. प्रेक्षक चुकले नाहीत. चित्राने त्यांना तसेच सांगितले.

त्यांच्यापैकी कोणी सुचवील, 'खाली अक्षरे घाला', कोणी म्हणेल, 'गाणे घाला'. अशा सूचना नम्रपणे टिपून घ्याव्यात, पण त्या जशाच्या तशा अमलात आणू नयेत. सूचना म्हणजे ताप. रोग शोधणे आपले काम. येथे रोग असा, की पिशवी दिसली, पण तिला हलवणारा वारा दिसला नाही.

पहिला उपाय सहज सुचतो. नळातून पिवळा धूर निघून शेपटीच्या दिशेने वाहताना दाखवावा. बदललेली प्रत घेऊन दुसऱ्या सहा नव्या माणसांकडे जावे, कारण पहिल्यांना उत्तर आधीच ठाऊक झालेले असते. आता सारे योग्य दिशा दाखवतील. परंतु 'काय झाले ते सांगा' म्हटल्यावर एखादा सांगेल, 'पिवळा धूर दिसला की पळायचे.' येथे दुसरे संकट उभे राहते. हा वायू रंगहीन आहे. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास तो गेला की नाकाची घ्राणशक्तीच बधिर होते. धुराची किंवा वासाची वाट पाहणारा माणूस फसतो. एक गैरसमज काढताना आपण दुसरा पेरला!

म्हणून धूर काढून टाकावा आणि वारा दाखवावा. उत्तरायणात पतंग उडवणाऱ्या सुरतेला वारा कोणीकडचा, हे शिकवावे लागत नाही, आणि परप्रांतीयालाही खांद्यावरचा गमछा ओळखीचा असतो. तिसऱ्या प्रतीत यंत्र वाजते. कामगाराचा गमछा, जमिनीवरची धूळ आणि विंडसॉक ही तिन्ही एकाच दिशेला फडफडतात. तो त्यांच्याकडे पाहतो आणि पाठ फिरवून उलट चालू लागतो. पूर्वी विंडसॉकचे चित्र एक सेकंदच होते, ते आता तीन सेकंद ठेवावे. पुन्हा सहा नवे प्रेक्षक, पुन्हा तेच दोन प्रश्न. एका वेळी एकाच दोषावर उपाय करावा, नाहीतर कोणत्या बदलाने काय साधले ते कळत नाही.

करमणुकीच्या चित्रपटात सहांपैकी एकाचा घोटाळा झाला तर तो सोडून देता येतो. येथे येत नाही. तो एक कोठे अडखळला, हे पुन्हा त्याच्याच तोंडून ऐकावे लागते.

या रीतीची मर्यादाही ध्यानात असावी. सहा माणसांवरून शंभरांपैकी किती जणांना कळेल, याचे गणित मांडता येत नाही. चित्र कोठे फसवते एवढेच कळते. आणि खोलीत बसून योग्य बोट दाखवणारा माणूस भोंगा वाजल्यावर योग्य पाऊल टाकीलच, असेही नाही. ते पाहण्यासाठी त्याला प्रत्यक्ष आवारात उभे करून, खऱ्या विंडसॉककडे पाहून चालावयास लावावे लागते. चित्रपटाची कसोटी खोलीत लागते, शिकवणीची मात्र उघड्या वाऱ्यात.