कर्जाच्या अटी दोन पानांत, पण वाचायला सवड कोण देणार?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणारी आपली मुले आता कर्जासाठी बँकेत जात नाहीत. मोबाइलवर आधार आणि पॅन टाकले, 'मला अटी व शर्ती मान्य आहेत' या चौकोनावर बोट ठेवले की पैसे खात्यात येतात. त्या चौकोनामागे पंचवीस-तीस पानांचा इंग्रजी करार असतो. तो कोणी वाचत नाही आणि वाचला जावा अशी कंपनीचीही अपेक्षा नसते.

यावर रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 रोजी एक परिपत्रक काढले. त्यानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून वैयक्तिक आणि लघुउद्योगांच्या प्रत्येक नव्या मुदत कर्जाआधी बँकेने किंवा वित्त कंपनीने 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे केएफएस देणे बंधनकारक आहे. कर्ज किती, हप्ता किती, कोणकोणते शुल्क, उशीर झाला तर दंड किती, वसुली एजंट नेमण्याचे कलम कोणते, तक्रार कोणाकडे करायची, हे सगळे त्यात ठरलेल्या नमुन्यात थोडक्यात द्यायचे असते. तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. मजकूर त्याला समजावून सांगायचा आणि समजल्याची पोचही घ्यायची.

या कागदावरचा सर्वात महत्त्वाचा आकडा एपीआर, म्हणजे सगळे शुल्क धरून पडणारा वार्षिक दर. एक हिशेब मांडून पाहू. समजा, 20,000 रुपयांचे कर्ज, 12 महिने, व्याज 24 टक्के. हप्ता येतो 1,891 रुपये. पण प्रक्रिया शुल्क 1,000, त्यावर जीएसटी 180 आणि विमा 420 रुपये आधीच कापले, तर हातात 18,400 रुपयेच पडतात. हप्ते मात्र पूर्ण वीस हजारांवर भरायचे, एकूण 22,692 रुपये. म्हणजे 24 टक्क्यांचे म्हणून घेतलेले कर्ज प्रत्यक्षात वर्षाला 40 टक्क्यांच्या घरात जाते. जाहिरातीत 24 दिसतो, खरा दर एपीआरच्या रकान्यात असतो. दोन आकड्यांत मोठा फरक दिसला की समजावे, शुल्काच्या नावाखाली बरेच काही कापले जात आहे.

अटींचा सारांश कोणीही काढू शकतो. आम्हाला या नियमाचे खरे बळ दुसरीकडे दिसते. जे शुल्क केएफएसमध्ये लिहिलेले नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या पूर्ण मुदतीत कधीच आकारता येत नाही. सोप्या सारांशात गोड मुद्दे आणि मूळ करारात कडू कलमे, ही चलाखी निदान शुल्काच्या बाबतीत त्यामुळे अडते.

दुसरे बळ सवडीचे आहे. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात केएफएसमधील अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. 'ऑफर दहा मिनिटांत संपेल' असे स्क्रीनवर लिहिले असले तरी घाई करायचे कारण नाही. कागद घरी न्यावा, वस्तीतल्या शिकलेल्या पोराला दाखवावा, मग होकार द्यावा. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जाला त्यानंतरही किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. केएफएसमध्ये आधी सांगितलेले प्रक्रिया शुल्क मात्र कंपनी ठेवून घेऊ शकते.

मग अडते कुठे? केएफएस येते, पण इंग्रजी पीडीएफमध्ये आणि ओटीपीच्या अगदी आधीच्या पडद्यावर. 'समजावून सांगितले' याचा पुरावा म्हणून आणखी एक चौकोन पुढे येतो. दोन पानांचा कागदही मग तीस पानांसारखाच न वाचता मागे पडतो. शिवाय क्रेडिट कार्डाची थकबाकी या नियमाबाहेर आहे. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाबाहेरची बेकायदा अ‍ॅप्स असा कागद देण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. केएफएस न दाखवता पैसे द्यायला निघालेले अ‍ॅप हीच धोक्याची खूण.

सावकाराने कर्जाचा तपशील स्पष्ट शब्दांत लिहून ऋणकोला द्यावा, ही अट मुंबई सावकारी कायद्यात 1946 सालीच होती. अट जुनी आहे. ती मागणारा ऋणको हवा. म्हणून होकार देण्याआधी मराठी केएफएस मागावे. त्यात हातात येणारी रक्कम, एपीआर आणि तक्रार अधिकाऱ्याचा फोन शोधावा आणि त्याची प्रत मोबाइलमध्ये जपून ठेवावी. पुढे न लिहिलेले शुल्क कापले गेले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे दाद मागता येते. तिथे हाच दोन पानांचा कागद आपला साक्षीदार ठरेल.