बाकड्यागणिक टेक्स्चर ही उधळपट्टी आहे

पाचोरा-जामनेर छोटी गाडी 2020 च्या टाळेबंदीत थांबली. अडीच फुटी रुळांच्या त्या मार्गावरचं पहूर स्थानक गेमसाठी उभारलेलं एका विद्यार्थ्याने मला दाखवलं. बाकडी, जुन्या रुळांचे कुंपणखांब, मालाचा ढकलगाडा, पत्र्याच्या पेट्या, गाडीचा डबा अशा वीस वस्तू होत्या. मॉडेलिंग जीव ओतून केलेलं होतं. पण प्रत्येक वस्तूला 2048 पिक्सेलचं स्वतःचं टेक्स्चर होतं, तेही रंग, नॉर्मल आणि खरखरीतपणा असे तीन मॅप. नेहमीच्या कॉम्प्रेशननंतरही असा एक मॅप सव्वापाच एमबीच्या थोडा वर जातो. म्हणजे वस्तूमागे सोळा आणि वीस वस्तूंचे तीनशे वीस एमबी. एवढं करून बाकड्याचं लोखंड आणि खांबाचं लोखंड वेगळ्या कारखान्यांतून आल्यासारखं दिसत होतं.

दोष त्या मुलाचा नाही. शिकवणीच्या वर्गांमध्ये त्याला एकच रीत घोटून दिली जाते: वस्तू बनवा, उलगडा, चौकोनात कोंबा, रंगवा, पुढची घ्या. एकटी वस्तू फिरवून दाखवायला ती चालते. स्थानक उभारायला ती निकामी आहे, आणि हे ठाऊक असून ती शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे.

या वीस वस्तूंना एक ट्रिम शीट पुरते. ट्रिम शीट म्हणजे आडव्या पट्ट्यांचं एकच टेक्स्चर. पट्टी डावी-उजवीकडे अखंड जुळते, म्हणून ती हवी तितकी लांब वापरता येते. मीटरला 512 पिक्सेल धरले तर 2048 चं शीट चार मीटरचं होतं. त्यात 512 ची पट्टी लाकडी फळ्यांना द्या, ती एक मीटर उंच भरते. 256 ची रिव्हेट मारलेल्या पत्र्याला, 128 ची चौकटींना, 64 ची साडेबारा सेंटिमीटरच्या लोखंडी पट्टीला. पट्ट्या आधी ठरवायच्या, मॉडेल नंतर. बाकड्याचा पाय तेरा सेंटिमीटरचा काढला असेल तर तो साडेबाराचा करा, पोत ताणू नका. सगळी मॉडेलं संपल्यावर शीट बनवायला बसणारे याच पायरीवर फसतात. त्यांच्या एका खांबाचा गंज बारीक दिसतो, शेजारच्याचा जाडाभरडा.

खरी करामत कडांची आहे. इन्सोम्नियाक गेम्सच्या मॉर्टन ओल्सेन यांनी 2015 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’च्या कामातून ती मांडली. पट्टीच्या काठावर नॉर्मल मॅपमध्ये 45 अंशांचा उतार भरायचा. पेटीचे दोन पृष्ठभाग काटकोनात भेटतात तिथे दोन्हींकडचा उतार एकाच दिशेला पोचतो, आणि एकही जादा बहुभुज न घालता कड गोलसर दिसते. यासाठी मॉडेलवरची ती कड ‘हार्ड’ ठेवावी लागते. ती मऊ राहिली तर शिरोबिंदूंचे नॉर्मल आधीच कलतात, त्यावर मॅपचा कल चढतो आणि कडेला डागाळ छटा येते. प्रकाश फिरवून बघा, लगेच कळतं. कोन काटकोनापासून दूर गेला की शिवण उघडी पडते. डब्याचं गोल छप्पर म्हणून या युक्तीबाहेर ठेवायचं, तिथे खरा गोलावाच द्यायचा.

दुसरी चूक लांबून दिसते. पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या तर दुरून बघताना इंजिन टेक्स्चर लहान करत जातं आणि शेजारचा रंग आत झिरपतो. पांढऱ्या चौकटीला तांबूस किनार आली तर कारण हेच. पट्टीचा काठ सोळा पिक्सेल बाहेर वाढवा. टेक्स्चर चार वेळा निम्मं झालं तरी त्यातला एक पिक्सेल शिल्लक राहतो.

आणि कृपा करून पट्टीत ओघळ रंगवू नका. आठ मीटरच्या डब्यावर चार मीटरची पट्टी दोनदा येते, तोच गंजाचा डाग दोनदा दिसतो. पट्टी उभी वापरली की पाण्याचा ओघळ आडवा वाहतो. शीटमध्ये फक्त दिशाहीन झीज असावी. धूळ, ओघळ आणि उन्हाने उडालेला रंग शिरोबिंदूंच्या रंगातून किंवा वरून लावलेल्या डेकलमधून द्या. पिवळी नामपाटी मात्र शीटच्या आवाक्यातली नाही. तिच्यावरची ‘पहूर’ ही अक्षरं एकदाच येतात, म्हणून त्यांना वेगळं डेकल द्यावं.

असं केलं की तीनशे वीसच्या जागी सोळा एमबी लागतात, वर डेकलचे थोडे. शिवाय लोखंडाचा रंग बदलायचा ठरला तर एक पट्टी बदलली की वीसही वस्तू बदलतात.