‘शझाम कर ना’ म्हणणाऱ्यांनो

जुन्या मॅचच्या किंवा बातम्यांच्या सुरुवातीची धून डोक्यात अडकली की कुणीतरी सल्ला देतंच: शझाम कर ना. मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून स्पष्ट सांगतो, हा सल्ला देणाऱ्यांना ते ॲप काय करतं हेच माहीत नसतं.

शझाम धून ओळखत नाही, रेकॉर्डिंग ओळखतं. आवाजाच्या आलेखातले सगळ्यात ठळक बिंदू ते उचलतं, त्यांच्या जोड्या लावतं, दोन बिंदूंमध्ये किती वेळ गेला ते टिपतं आणि तशाच जोड्या आपल्या साठ्यात शोधतं. ते रेकॉर्डिंग साठ्यातच नसेल, तर फोन कितीही वेळ स्पीकरला चिकटवून ठेवा, हाती काही लागत नाही.

असलं तरी पंचाईत होते. आमच्या भाईंदरच्या बिल्डिंगमधल्या एका काकांकडे ऑस्ट्रेलियातल्या मॅचच्या व्हीएचएस कॅसेट आहेत. कॅसेट जरा जलद फिरली की स्वर वर सरकतात, मधला वेळ आखडतो आणि जोड्या जुळत नाहीत. कानाला मात्र काहीच खटकत नाही. यूट्यूबवर वेग कमी करून उपयोग नाही, कारण तिथे स्वर आहे तिथेच राहतो. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि स्वर दोन्ही एकत्र, एकेक टक्क्याने उतरवावे लागतात.

काकांना हवी होती चॅनेल नाइनच्या क्रिकेटची धून. नावात ‘क्रिकेट’ असणार असं धरून त्यांनी किती वर्षं घालवली! तिचं नाव ‘न्यू होरायझन्स’. संगीतकार ब्रायन बेनेट, म्हणजे ‘द शॅडोज’ या ब्रिटिश बँडचे ड्रमर. नावात क्रिकेट नाही, कारण ती क्रिकेटसाठी बांधलेलीच नव्हती. असं संगीत आधीच तयार करून ठेवलेलं असतं, चॅनेलवाले पैसे भरून हवं ते उचलतात. बीबीसीने तर क्रिकेटसाठी ‘सोल लिंबो’ घेतलं, जे बुकर टी. अँड द एमजीज या अमेरिकन बँडचं 1968 चं गाणं. बॅटबॉलशी काय संबंध?

म्हणून शोध धुनेचा नाही, कार्यक्रमाचा घ्यायचा: आधी चॅनेल, मग साधारण वर्ष, मग संगीतकार. ट्रॅक सापडला की तो पूर्ण ऐका, कारण टीव्हीवर वाजलेला तुकडा मधलाच असू शकतो. आणि नुसत्या चालीवर जाऊ नका. ड्रम आणि बेसही जुळले पाहिजेत, नाहीतर हातात कुणीतरी नंतर वाजवलेली नक्कल आलेली असते.

माझा खरा राग जुन्या क्लिपा अपलोड करणाऱ्यांवर आहे. ‘बालपण आठवलं, रडू आलं’ हे लिहायला तुम्हाला जागा सापडते. त्याखाली चॅनेल, वर्ष आणि संगीतकार एवढे तीन शब्द लिहा. रडण्याचं आम्ही आमचं बघून घेऊ.