दोष कॉलमचा की मिथेनॉलचा?

हिरड्याच्या अर्काचा क्रोमॅटोग्राम बिघडतो तो बहुधा सुरुवातीलाच. गॅलिक आम्लाचे पीक खांदा काढते किंवा चक्क दुभंगते, आणि त्याच धावेत मागाहून येणारी चेब्युलॅजिक व चेब्युलिनिक आम्लांची पिके सरळ, सडपातळ उभी राहतात. भोरच्या हिरडस मावळात आणि वेल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात गोळा होणारा हिरडा व्यापाऱ्याकडून औषध कारखान्यांच्या गुणवत्ता प्रयोगशाळांत पोहोचला की त्याची परीक्षा बहुतेक याच तीन आम्लांवर होते. पीक फुटलेले दिसले की पहिला संशय कॉलमवर जातो आणि हजारो रुपयांचा कॉलम बाद होतो. हिरड्याच्या बाबतीत हा संशय बरेचदा चुकीचा असतो.

नेहमीची मांडणी समोर ठेवू. २५० × ४.६ मिलिमीटरचा, ५ मायक्रॉन कणांचा सी-१८ कॉलम, मिनिटाला १ मिलिलिटर प्रवाह, एकीकडे ०.१ टक्के ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल घातलेले पाणी, दुसरीकडे ॲसिटोनायट्राइल, आणि ५ टक्के ॲसिटोनायट्राइलपासून वर चढत जाणारा ग्रेडियंट. भुकटी मिथेनॉलमध्ये उकळून किंवा अल्ट्रासॉनिक टाकीत ठेवून काढलेला अर्क गाळला जातो आणि तसाच, मिथेनॉलमध्येच, २० मायक्रोलिटर इंजेक्ट होतो. अशा कॉलममधली मोकळी जागा अडीच मिलिलिटरच्या आसपास असते, म्हणजे अजिबात न थांबणारा पदार्थ अडीच मिनिटांनी बाहेर पडतो. गॅलिक आम्ल पाच मिनिटांच्या सुमारास येते असे धरू.

बिघाड किती आहे हे नजरेवर सोडून चालत नाही. पिकाच्या शेंड्यावरून लंब टाकायचा, उंचीच्या ५ टक्क्यांवर पूर्ण रुंदी मोजायची आणि तिला पुढच्या अर्ध्या भागाच्या दुपटीने भागायचे. पूर्ण रुंदी ०.२४ मिनिट आणि पुढचा भाग ०.०८ मिनिट असेल तर टेलिंग फॅक्टर १.५ येतो. सुसंवादित फार्माकोपियात आता वेगळे काही सांगितले नसेल तर ०.८ ते १.८ ही मर्यादा आहे. फुटलेल्या पिकाला मात्र हा आकडा लावण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअर दोन शेंड्यांपैकी उंच शेंडा धरते आणि कधी कधी अगदी देखणा आकडा छापते. म्हणून अहवालातल्या तक्त्याआधी आलेख मोठा करून पाहावा.

पाठ्यपुस्तकातला पहिला नियम असा की सगळी पिके सारखीच बिघडली असतील तर दोष यांत्रिक, आणि एखादेच बिघडले असेल तर दोष रासायनिक. यांत्रिक दोषांत सर्वांत बदनाम ती कॉलमच्या तोंडाशी पडलेली पोकळी. आठच्या वरच्या पीएचला सिलिका हळूहळू विरघळते, दाबाचे धक्के बसले की भरण खाली दबते, आणि फ्रिटच्या मागे रिकामी जागा उरते. नमुन्याचा एक भाग त्या पोकळीतून आडवाटेने लवकर पुढे सरकतो, उरलेला भरणातून रीतसर जातो, आणि एकाच पदार्थाची दोन शिखरे उमटतात. फ्रिट अर्धवट तुंबला तरी चित्र असेच दिसते, फक्त तेव्हा दाबही चढलेला असतो. हिरड्याचे टॅनिन तुंबण्याला चांगलाच हातभार लावते, म्हणून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरशिवाय हा अर्क यंत्रात जाऊ नये. गार्ड कॉलम असेल तर आधी तो काढून एक इंजेक्शन द्यावे. तेवढ्याने पीक सुधारले तर शोध तिथेच संपला.

त्यानंतर पाळी फिटिंगची. एका कंपनीच्या कॉलमवर बसवलेला स्टीलचा फेरूल दुसऱ्या कंपनीच्या कॉलमला लावला की नळीचे टोक तळापर्यंत पोहोचत नाही, कारण फेरूलच्या पुढे किती नळी उरावी हे प्रत्येकाचे माप वेगळे. मधल्या रिकाम्या जागेत नमुना घोळतो आणि पिकाला शेपूट फुटते. गळती दिसत नाही, दाबही नेहमीचाच असतो, म्हणून हा दोष दिवसचे दिवस लपून राहतो. नट सैल करून, नळी तळाला टेकेपर्यंत आत दाबून धरून पुन्हा आवळणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि कॉलमची मागणी नोंदवण्याआधी ते झालेच पाहिजे.

पण हिरड्याच्या पद्धतीत ‘सगळी पिके की एखादेच’ हा नियम फसवतो, आणि याकडे फारसे लक्ष जात नाही. नियम खरा आहे तो मोबाइल फेज शेवटपर्यंत एकच असेल तेव्हा. ग्रेडियंटमध्ये उशिरा येणारे पदार्थ सुरुवातीच्या पाणीदार प्रवाहात कॉलमच्या तोंडाशी अडकून बसतात आणि ॲसिटोनायट्राइल वाढल्यावरच निघतात. कॉलमच्या आधी ते कितीही पसरले असले तरी तिथे पुन्हा एकवटतात. त्यामुळे सैल फिटिंग, लांबलचक नळी, काही अंशी तोंडाशी पडलेली पोकळीसुद्धा चेब्युलिनिक आम्लाच्या पिकावर उमटत नाही आणि गॅलिक आम्लावर तेवढी दिसते. म्हणजे फक्त पहिले पीक बिघडले एवढ्यावरून यंत्र निर्दोष ठरत नाही आणि कॉलम दोषीही ठरत नाही. निवाडा हवा असेल तर ग्रेडियंट बंद करून कॉलमसोबत आलेल्या प्रमाणपत्रातली चाचणी त्याच मोबाइल फेजमध्ये, त्याच प्रवाहावर लावावी. तिथे पिके सरळ आली तर कॉलम आणि नळ्या दोन्ही सुटल्या. वाकडी आली तर उत्पादकाची परवानगी असल्यास कॉलम उलटा लावून, डिटेक्टरची जोडणी सोडवून, तासभर धुऊन पाहावा. तुंबलेला फ्रिट यातून मोकळा होऊ शकतो, पोकळी मात्र भरून येत नाही. पूर्वी कॉलमचे टोक उघडून सिलिकाचा लगदा भरत असत. आजच्या कॉलमवर तो खटाटोप करू नये.

चाचणी व्यवस्थित आली आणि गॅलिक आम्ल तरीही फुटत असेल तर आरोपी मिथेनॉल. कॉलमच्या तोंडाशी ९५ टक्के पाण्याचा प्रवाह आहे आणि त्यात २० मायक्रोलिटर निव्वळ मिथेनॉलचा गोळा शिरतो. सी-१८ वर मिथेनॉल पाण्यापेक्षा कितीतरी जोरकस. त्या गोळ्यात सापडलेले गॅलिक आम्ल भरणाला न चिकटता त्याच्याबरोबर पुढे वाहते. गोळ्याच्या कडेचे आम्ल पाण्यात मिसळते आणि रीतसर थांबते. काही सेंटिमीटरमध्ये मिथेनॉल पातळ होऊन जाते, पण तोवर एका पदार्थाचे दोन पट्टे पडलेले असतात. पाच मिनिटांना येणाऱ्या पिकाची रुंदी, कॉलमची कार्यक्षमता १०,००० प्लेट धरली तर, ०.२ मिनिट म्हणजे २०० मायक्रोलिटर भरते. त्याच्या एक दशांश आकारमानाचे परके द्रावण आत घातले तर पीक हलणारच. चेब्युलिनिक आम्ल इतके घट्ट धरले जाते की मिथेनॉलचा हा लोंढा पुढे निघून गेला तरी ते जागचे हलत नाही.

हे सिद्ध करायला फार खर्च नाही. पहिले इंजेक्शन त्याच अर्काचे, पण २० ऐवजी ५ मायक्रोलिटर. पीक एक झाले आणि क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर आले तर पोकळीचा मुद्दा जवळपास निकालात निघाला, कारण पोकळी इंजेक्शनच्या आकारमानाकडे पाहत नाही. तरी एक शंका उरते. ५ मायक्रोलिटरमध्ये मिथेनॉल कमी झाले तसे गॅलिक आम्लही कमी झाले, मग दोष अतिभाराचा तर नव्हता? इथे दुसरी जोडी कामाला येते. अर्क दहापट पातळ करायचा, एकदा मिथेनॉलने आणि एकदा ०.१ टक्के आम्ल घातलेल्या पाण्याने, आणि दोन्ही वेळा पूर्ण २० मायक्रोलिटर द्यायचे. गॅलिक आम्ल दोन्हींत सारखेच आहे, फरक फक्त द्रावकाचा. मिथेनॉलातले फुटले आणि पाण्यातले सरळ आले तर द्रावकाचा दोष पक्का. दोन्ही सरळ आली तर अतिभार. अतिभाराचे पीक तसेही दुभंगत नाही. ते काटकोन त्रिकोणासारखे ढळते आणि भार वाढेल तसा त्याचा शेंडा अलीकडे सरकतो.

उपाय निदानातच आहे, पण हिरड्यात एक अडचण येते. मिथेनॉली अर्कात आम्लयुक्त पाणी ओतले की काही वेळा द्रावण गढूळ होते. मोठे, कमी विद्राव्य घटक बाहेर पडतात आणि तोच गढूळपणा पुढे फ्रिट तुंबवतो. म्हणून आधी पातळ करावे, थोडा वेळ ठेवावे आणि मग गाळावे. गाळून पातळ करू नये. गाळण्यापूर्वी व नंतरचे क्षेत्रफळ ताडून काही हरवले का तेही पाहावे, कारण नायलॉनचे फिल्टर टॅनिन धरून ठेवतात. गॅलिक आम्ल २७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषते, तेव्हा पातळ केल्याने संवेदनशीलतेची चिंता सहसा राहत नाही. प्रमाण द्रावणही त्याच द्रावकात हवे. प्रमाण पाण्यात आणि नमुना मिथेनॉलमध्ये असला तर एकच पीक दोन आकारांत मोजले जाते.

फूट गेली आणि नुसती शेपूट उरली तर मोबाइल फेजकडे वळावे. गॅलिक आम्लाचा पीकेए ४.४ च्या आसपास आहे. आम्ल घालायचे राहिले किंवा फार थोडे पडले तर त्याची आयनित आणि अनायनित अशी दोन्ही रूपे एकदम नांदतात आणि पीक ढळते. ०.१ टक्के ऑर्थोफॉस्फोरिक आम्लाने पीएच दोनच्या आसपास राहतो आणि हा प्रश्न मिटतो. शेजारी-शेजारी असलेले हायड्रॉक्सिल गट लोहासारख्या धातूलाही पकडतात, त्यामुळे जुन्या स्टील फ्रिटवर गॅलिक आम्लाला शेपूट येते. फॉस्फोरिक आम्ल इथेही थोडी मदत करते.

एक फूट मात्र कशानेच जात नाही, कारण ती दोषच नसते. डाळिंबाच्या सालीतले आणि हिरड्यातही नोंदलेले पुनिकॅलॅजिन अल्फा आणि बीटा अशा दोन रूपांत असते, ती द्रावणात एकमेकांत बदलत राहतात आणि दोन पिके देतात. ओळखायचे कसे? एका पिकाचा अंश गोळा करून, काही तास ठेवून, पुन्हा इंजेक्ट करावा. दोन्ही पिके परत उगवली तर दोन्हींची बेरीज करून मोजावे आणि कॉलमला दोष देऊ नये.

हिरड्याच्या छापील पद्धतींत कॉलम, प्रवाह आणि ग्रेडियंट बारकाईने दिलेले असतात, पण नमुना शेवटी कोणत्या द्रावकात होता आणि किती मायक्रोलिटर दिला हे बरेचदा गाळलेले असते. या मासिकाकडे पद्धत पाठवणाऱ्यांनी या दोन गोष्टी लिहाव्यात, आणि गॅलिक आम्लाच्या पिकाचा मोठा केलेला आलेख सोबत जोडावा.