सद्दालपुत्राची मडकी

घरात दीर्घ आजार आला, की समाचाराला येणाऱ्यांपैकी एखादे वडीलधारे हमखास म्हणतात, ‘पूर्वकर्म आहे, भोगूनच संपवायचे.’ हेतू धीर देण्याचा असतो. परंतु या वाक्यात दोन विधाने दडलेली आहेत. एक, आता काही इलाज उरलेला नाही. आणि दुसरे, ज्याच्यावर ओढवले त्यानेच ते ओढवून घेतले. कर्मसिद्धांताच्या नावावर ही दोन्ही खपतात, म्हणून ती तपासून घ्यावीत.

पहिल्याचा निवाडा उपासकदशांगसूत्रात आहे. पोलासपूर नगरीत सद्दालपुत्र नावाचा धनाढ्य कुंभार राहत असे. नगराबाहेर त्याची भांड्यांची ५०० दुकाने होती. तो गोशालकाच्या आजीवक मताचा, म्हणजे सर्व काही नियत आहे असे मानणारा. एकदा त्याने भांडी उन्हात वाळत घातली असता भगवान महावीरांनी विचारले, ही भांडी कशी झाली? त्याने सांगितले, आधी माती होती, ती पाण्यात भिजवली, राख व शेण मिसळून मळली, मग चाकावर चढवली. हे पुरुषार्थाने झाले की त्याविना? सद्दालपुत्र आपल्या मताला जागून म्हणाला, त्याविना. सर्व भाव नियतच आहेत. तेव्हा भगवंतांनी विचारले, कोणी ही भांडी चोरली, फोडली, किंवा तुझी पत्नी अग्निमित्रा हिच्याशी दुर्वर्तन केले, तर काय करशील? तो म्हणाला, त्याला बांधीन, मारीन. मग सर्व नियत असेल, तर त्या माणसाने केले तरी काय, आणि तू शिक्षा कशाची देणार? सद्दालपुत्राला उत्तर सुचले नाही, आणि पुढे तो श्रावक झाला. आपणही वसुलीच्या वेळी पुरुषार्थवादी असतो आणि दुसऱ्याच्या दुखण्यापाशी नियतिवादी होतो.

बांधलेले कर्म आहे तसेच भोगावे लागते, असेही शास्त्र सरसकट म्हणत नाही. आजाराच्या वेदनेशी संबंध येतो तो असातावेदनीय कर्माचा. बंध झाल्यावर ते काही काळ सत्तेत पडून राहते. फळ न देण्याच्या त्या मुदतीला अबाधाकाळ म्हणतात. मुदतीच्या हुंडीसारखेच हे. फरक इतकाच, की हुंडीची रक्कम लिहिली तीच राहते, कर्माची राहतेच असे नाही. जीवाच्या परिणामांनुसार त्याची स्थिती व तीव्रता घटू शकते किंवा वाढूही शकते. मुदतीपूर्वी त्याची उदीरणा होऊ शकते. सत्तेतील असातेचे सातेत संक्रमणही होऊ शकते, कारण दोन्ही एकाच वेदनीयाच्या उत्तरप्रकृती आहेत. शिवाय उदयाला द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव यांचे निमित्त लागते. औषध, पथ्य, शुश्रूषा ही याच हिशेबात बसतात. ज्यात असा कोणताच फेरफार संभवत नाही ते निकाचित कर्म. समोरच्या रुग्णाचे कर्म निकाचित आहे की नाही, हे खाटेशेजारी बसून कोणालाही कळत नाही. ‘भोगूनच संपवायचे’ म्हणणारा मात्र प्रत्येक कर्माला निकाचित ठरवून मोकळा होतो.

आता दुसरे विधान. ज्याचे कर्म त्यालाच फळ, हे सिद्धांताला मान्यच आहे. पण त्यावरून ‘हा आजार अमुक पापाचा’ असा उलटा हिशेब मांडता येत नाही. वेदनीयाची उत्कृष्ट स्थिती ३० कोडाकोडी सागरोपम सांगितली आहे आणि तिचा अबाधाकाळ ३००० वर्षांचा; जघन्य स्थितीत तोच अंतर्मुहूर्तावर येतो. एवढ्या पसाऱ्यातून आजच्या दुखण्याची नोंद शोधून काढणे केवलज्ञानीच करू शकतात. शिवाय भोगणारा जीव अनादी आहे. जन्मतः आजारी असलेल्या बालकाच्या आईला ‘तुम्ही काय केले असेल?’ असे विचारणे तर शास्त्राच्याही बाहेरचे आहे, कारण एकाचे कर्म दुसऱ्याच्या खाती पडत नाही. आईचे दुःख तिच्या स्वतःच्या उदयाचे. बाळाच्या व्याधीचा जाब तिच्याकडे मागता येत नाही.

आणि विचारणाऱ्याच्या खात्याचे काय? तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीयाच्या आस्रवाची कारणे दिली आहेत: दुःख, शोक, ताप, आक्रंदन, वध आणि परिदेवन. ही स्वतःमध्ये उत्पन्न केली, दुसऱ्यात केली किंवा दोघांत केली, तरी आस्रव होतोच. त्या आईला बोलण्याने रडवणारा मनुष्य तिच्या मागच्या कर्माचा अर्थ सांगत नसतो, स्वतःचे नवे बांधत असतो. लागलीच पुढे सातावेदनीयाची कारणे येतात. त्यांत प्राणिमात्राविषयीची अनुकंपा, दान आणि क्षमा आहे. रात्री दवाखान्यात रुग्णापाशी बसणे, औषधाचे बिल गाजावाजा न करता भागवणे, आईला दोन तास झोप मिळावी म्हणून मूल सांभाळणे, ही अनुकंपेचीच कामे आहेत. त्यांच्या आधी कोणाचे पूर्वकर्म तपासण्याची अट त्या सूत्रात नाही.