पावत्यांची सरासरी नको, बेरीज करा

कॅनडात गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. गॅस भरून झाल्यावर फोनवर किलोमीटरला लिटरने भागून ‘या वेळी सोळाचा अ‍ॅव्हरेज पडला’ असं आपण लिहून ठेवतो, ते खुशाल लिहा. पण महिन्याअखेरीस त्या आकड्यांची बेरीज करून पावत्यांच्या संख्येने भागू नका. असं करून येणारा आकडा तुमच्या गाडीचा नसतो, आणि बहुतेक वेळा तो खऱ्यापेक्षा चांगलाच दिसतो. म्हणूनच तो आपल्याला चटकन पटतो.

समजा, मिसिसागातलं एक कुटुंब आहे. जानेवारीत त्यांनी टाकी फुल केली तेव्हा ओडोमीटरवर ४८,२०० होते. पुढचे दोन आठवडे शाळा, ऑफिस, किराणा, आणि रोज सकाळी रिमोट स्टार्टवर गाडी गरम करणं. ४८,५०४ वर पुन्हा टाकी फुल केली तेव्हा ३८ लिटर गेलं. म्हणजे ३०४ किलोमीटरला ३८ लिटर, लिटरला ८. मग शनिवारी ऑटावाला निघाले. ४०१ वरून किंगस्टनपर्यंत २८८ किलोमीटर झाले, तिथे १८ लिटर भरलं. पुढे ऑटावापर्यंत १९२ किलोमीटर, तिथे १२ लिटर. दोन्ही वेळा लिटरला १६.

आता ८, १६ आणि १६ यांची सरासरी येते १३.३. घरात सगळे खूश. पण गाडी धावली ७८४ किलोमीटर आणि तिने जाळलं ६८ लिटर. भागून पाहा, लिटरला ११.५ येतात. फरक जवळजवळ पंधरा टक्क्यांचा आहे, आणि तो गाडीत कुठेच नाही, फक्त आपल्या हिशोबात आहे.

असं होतं कारण सरासरी काढताना ३८ लिटरच्या पावतीला आणि १२ लिटरच्या पावतीला आपण सारखंच वजन देतो. शहरातल्या थंडीत निम्म्याहून जास्त इंधन जळलं, तरी त्या पावतीचा वाटा एक-तृतीयांशच धरला गेला. हायवेवर वाटेत थोडंथोडं भरायची सवय असेल तर चांगल्या आकड्यांच्या पावत्या वाढतात आणि सरासरी आणखी फुगते. किंगस्टनला थांबलेच नसते, तर त्याच प्रवासाची सरासरी १२ आली असती. गाडी तीच, रस्ता तोच, जळलेलं इंधनही तेवढंच. वाटेत किती वेळा थांबलो यावर जो आकडा बदलतो, त्याच्या भरवशावर खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

इथे कोणी म्हणेल, मग कॅनडाच्या पद्धतीने, शंभर किलोमीटरला किती लिटर, असं मोजू. मोजा, इथल्या लेबलाशी ताडून पाहायला तेच सोयीचं. पण सरासरीची खोड त्याने जात नाही. वरच्या तीन पावत्या या पद्धतीने १२.५, ६.२५ आणि ६.२५ होतात. त्यांची सरासरी ८.३३, म्हणजे लिटरला १२. त्याच पावत्यांची आधीची सरासरी १३.३ होती. दोन सरासऱ्या एकमेकींशीच जुळत नाहीत, आणि खऱ्या आकड्याशीही जुळत नाहीत. एकूण लिटरला एकूण किलोमीटरने भागलं तर शंभराला ८.६७ येतात आणि उलटं भागलं तर लिटरला ११.५. हे दोन्ही एकच आहेत. कोणाचा हिशोब तपासायचा असेल तर हीच परीक्षा लावा: दोन्ही बाजूंनी काढा, जुळलं तर ठीक.

नॅचरल रिसोर्सेस कॅनडाच्या आकड्यांवरून नव्या गाडीच्या लेबलावर जो एकत्रित वापर छापलेला असतो, त्यातही शहर आणि हायवे अर्धेअर्धे धरलेले नाहीत. शहराला ५५ टक्के आणि हायवेला ४५ टक्के वजन दिलेलं आहे. तुमचं रोजचं जाणंयेणं त्या प्रमाणात नसेल तर तुमचा आकडा लेबलापेक्षा वेगळा येणारच, त्यासाठी लगेच मेकॅनिकला दोष द्यायला नको.

हिशोब ठेवायला फोनमधलं स्प्रेडशीट पुरे. ‘B’ रकान्यात ओडोमीटर आणि ‘C’ रकान्यात लिटर लिहा. पहिली ओळ, म्हणजे २ क्रमांकाची, ही सुरुवातीच्या फुल टाकीची. वरच्या उदाहरणाचं सूत्र असं:

```
=SUM(C3:C5)/(B5-B2)*100
```

बेरीज ‘C3’ पासून आहे, ‘C2’ पासून नाही, हे नीट पाहा. सुरुवातीला भरलेलं इंधन आधीच्या प्रवासाचं देणं असतं, ते इथे धरायचं नाही. ही चूक फार जण करतात. त्या वेळी ४० लिटर भरलं असेल आणि तेही बेरजेत आलं, तर ८.६७ चे एकदम १३.८ होतात आणि चांगली गाडी उगाच बदनाम होते. शेवटची नोंद मात्र फुल टाकीचीच हवी. मध्ये कधी वीस डॉलरचंच भरलं तर बिघडत नाही. ते लिटर नोंदवा, त्या पावतीचा वेगळा अ‍ॅव्हरेज काढू नका, आणि पुढच्या फुल टाकीला हिशोब करा. एखादी पावती हरवली आणि लिटर कळायला मार्गच नसेल, तर अंदाज घालू नका. पुढच्या फुल टाकीपासून नवा हिशोब सुरू करा.

बेरजेचा आणखी एक फायदा आहे, तो सहसा लक्षात येत नाही. पंपाचा नोझल प्रत्येक ठिकाणी नेमका एकाच पातळीला बंद होत नाही. जमीन कललेली असेल, धार जोराची असेल तर तो लवकर टक् करतो. समजा किंगस्टनला तो दोन लिटर आधीच थांबला. मग तिथे १८ ऐवजी १६ लिटर गेलं आणि आकडा दिसला १८ चा. पुढे ऑटावाला १२ ऐवजी १४ लागलं आणि आकडा कोसळून १३.७ झाला. माणूस विचार करत बसतो की शेवटच्या टप्प्यात गाडीला काय झालं. काहीच झालेलं नाही. बेरीज ३० ची ३०च आहे. मधल्या सगळ्या चुका अशा एकमेकींना खाऊन टाकतात. उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या फुल टाकीची चूक. ६८ लिटरच्या हिशोबात दोन लिटरची चूक तीन टक्के होते, पाचशे लिटरच्या हिशोबात अर्धा टक्कासुद्धा होत नाही. म्हणून दोन-तीन टाक्यांवरून मत बनवू नका. जमल्यास सुरुवात आणि शेवट एकाच पंपावर, पहिल्या टक् ला थांबून करा.

थंडीत आकडा बिघडला की काही जण पंपाला दोष देतात, गारठ्याने लिटर आखडतं म्हणून. इथल्या बहुतेक पंपांवर लिटर १५ अंश सेल्सिअसला सुधारून मोजलेलं असतं, तसं पंपावर लिहिलेलंही असतं. एक मोठं कारण तुमच्या ड्राइव्हवेत उभं असतं: गाडी जागेवर सुरू असताना लिटर जातात आणि किलोमीटर शून्य असतात. हे इंधन हिवाळ्याच्या बेरजेत आपोआप येतं. हिवाळा आणि उन्हाळा वेगळे पाहायचे असतील तर दोन्हींच्या बेरजा वेगळ्या करा, पण वर्षाचा आकडा काढताना पुन्हा लिटरमध्ये लिटर आणि किलोमीटरमध्ये किलोमीटर मिळवा.

मग एकेका टाकीचा आकडा ठेवायचा कशाला? गाडीची तब्येत पाहायला. हवामान आणि रस्ते तेच असताना लागोपाठ तीन-चार टाक्यांचा अ‍ॅव्हरेज खाली येत गेला, तर आधी टायरमधली हवा पाहा, मग एखादा ब्रेक अडकून घासतोय का ते पाहून घ्या.